गर्भनिरोधक गोळी: उपास, नाइट ड्यूटी आणि विमानप्रवासात या चुका टाळा

नागपुरात आमच्या ओपीडीत दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दरवर्षी एक-दोन जणी तरी 'उपासात गोळी थांबवली, आता काय?' हा प्रश्न घेऊन येतात. त्यातल्या एकीचं उदाहरण सांगते. ती माला-एन घ्यायची. या पाकिटात २१ पांढऱ्या हार्मोनच्या गोळ्या असतात आणि ७ लोहाच्या. तिची लोहाची शेवटची गोळी सर्वपित्री अमावस्येला संपली. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. नवं पाकीट त्याच दिवशी सुरू व्हायला हवं होतं, पण तिचा नऊ दिवसांचा कडक उपास होता. "ताई, नऊ दिवस आम्ही संबंधच ठेवत नाही, मग गोळीची गरज काय? दसऱ्यापासून सुरू केली," असं ती म्हणाली.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोळीचा परिणाम फक्त त्या रात्रीपुरता नसतो. रोजच्या हार्मोनमुळे बीजांडकोश शांत राहतो, त्यात बीज पिकत नाही. लोहाच्या सात दिवसांत तो हळूहळू जागा होऊ लागतो. आठव्या दिवशी नव्या पाकिटाची पहिली पांढरी गोळी मिळाली, की पुन्हा शांत होतो. हिच्या बाबतीत लोहाचे सात आणि नवरात्राचे नऊ, असे सोळा दिवस हार्मोनशिवाय गेले. तेवढ्यात बीज पिकून बाहेर पडू शकतं. दसऱ्याच्या दिवशी घेतलेल्या पहिल्या गोळीने त्या रात्रीचं संरक्षण मिळत नाही, त्यासाठी सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात जाव्या लागतात. शिवाय शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, त्यामुळे उपासाच्या आदल्या दिवसांतला संबंधही हिशेबात धरावा लागतो.

ती आली तेव्हा दसऱ्याच्या रात्रीला दोन दिवस झाले होते. तिला तातडीची गोळी दिली, कारण ती ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी चांगली. पाकीट चालूच ठेवायला सांगितलं, पुढचे सात दिवस कंडोम आणि तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी. नवं पाकीट वेळेवर उघडलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

पाकिटाच्या मधल्या भागात एक गोळी चुकली तर त्याची इतकी भीती नसते. आठवल्याबरोबर ती घ्यायची, पुढची ठरलेल्या वेळी घ्यायची, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. चुकलेल्या गोळीची वेळ टळून ४८ तास किंवा जास्त झाले, म्हणजे सलग दोन चुकल्या, तर अलीकडची एक लगेच घ्यायची आणि सात दिवस कंडोम वापरायचा. ही चूक पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झाली असेल तर उरलेल्या पांढऱ्या संपवून लोहाच्या गाळायच्या आणि सरळ नवं पाकीट उघडायचं. पहिल्या आठवड्यात झाली आणि त्याआधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीसाठी विचारून घ्यावं. लोहाच्या गोळ्या उपासात सोडल्या तरी संरक्षणाला धक्का लागत नाही. दिवस मात्र मोजत राहायचे, कारण बायका तिथेच फसतात.

हरतालिकेचा निर्जळी उपास एका दिवसाचा. रात्री नऊची गोळी असेल तर त्या दिवशी पहाटे उपास सुरू होण्याआधी घ्यावी. लवकर घेतल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पारण्यानंतर घेतली तरी माला-एनसारख्या साध्या गोळीला दहा-अकरा तासांचा उशीर चालतो. रोज्यात इफ्तारनंतरची वेळ धरली तर महिनाभर एकच वेळ राहते. रिकाम्या पोटी मळमळ होत असेल तर फराळानंतर घ्या. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर त्याच पाकिटातली पुढची गोळी लगेच घ्यायची आणि पुढचा क्रम चालू ठेवायचा.

सणात पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून नॉरइथिस्टेरॉनच्या गोळ्या आणतात, त्याबद्दलही बोलायला हवं. पाळी लांबवण्याच्या त्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही आधीच माला-एनसारखी दोन हार्मोनची गोळी घेत असाल तर त्यांची गरजच नाही. २१ पांढऱ्या संपल्या की लोहाच्या वगळून पुढचं पाकीट उघडा, पाळी लांबते आणि संरक्षणही टिकतं. मधून थोडे डाग दिसले तरी घाबरू नका.

रात्रपाळीची चूक वेगळ्या जातीची आहे. "झोपताना घेते" हे वाक्य सिस्टरांच्या तोंडी मी शेकडो वेळा ऐकलंय. रविवारी रात्री दहाला झोपताना गोळी घेतली, सोमवारी नाइट ड्यूटी केली आणि मंगळवारी सकाळी दहाला झोपली. मध्ये ३६ तास गेले आणि सोमवारची गोळी राहिली. एकदा चालून जातं, पण दर आठवड्याला पाळी बदलते तेव्हा आपण कुठल्या दिवसाची गोळी घेतोय हेच कळेनासं होतं. म्हणून तिन्ही पाळ्यांत तुम्ही जाग्या असता अशी वेळ शोधा. सकाळच्या ड्यूटीनंतर रात्री नऊला तुम्ही घरी असता, दुपारच्या ड्यूटीनंतर नुकत्याच घरी पोचलेल्या असता आणि नाइटला वॉर्डात, रुग्णांच्या नऊच्या औषधांच्या फेरीत. पाकीट पर्समध्ये ठेवा. स्कूटीच्या डिक्कीत मात्र कधीच नको, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत गोळ्या अक्षरशः भाजतात.

लांबच्या प्रवासात मोबाईलचा गजर फसवतो. फोन उतरल्यावर तिथली वेळ धरतो, पण तुमची गोळी नागपूरच्या नऊची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला त्या वेळी सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. गजर तिथल्या रात्री नऊला वाजला तर साडेनऊ तास उशीर झालेला असतो. म्हणून गजर साडेअकराला लावा आणि मुक्काम थोड्या दिवसांचा असेल तर तीच वेळ ठेवा. रात्रीचीच वेळ हवी असेल तर सकाळी साडेअकराला एक आणि त्याच रात्री नऊला पुढची, अशी लवकर घेऊन सरका. दोन गोळ्यांमधलं अंतर कमी झालं तर चालतं, २४ तासांपेक्षा वाढू द्यायचं नाही. परत येतानाही तसंच.

हे सगळं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही असलेल्या गोळीबद्दल आहे. बाळाला पाजणाऱ्या बऱ्याच जणींना एकाच हार्मोनची गोळी देतात, तिचा हिशेब तासांवर चालतो. डेसोजेस्ट्रेल असेल तर १२ तासांची मुभा, जुन्या प्रकारच्या गोळ्यांत फक्त ३ तासांची. त्यापुढे उशीर झाला तर गोळी लगेच घ्या आणि किमान दोन दिवस कंडोम वापरा, पाकिटातल्या कागदावर सात दिवस लिहिले असतील तर सात. अशा बाईने न्यूयॉर्कला जाताना किंवा हरतालिकेला पारण्यापर्यंत थांबणं जोखमीचं, तिने नेहमी लवकर घेण्याकडेच वळावं. छाया ही बिनहार्मोनची आठवडी गोळी घेणाऱ्यांना मात्र तासांची चिंता नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेले वार, नंतर एक, आणि उपास असो की नाइट, तो वार तेवढा चुकवायचा नाही.