पाहुण्यांचा परिचय वाचताना आकडे, सालं आणि पदव्या कशा उच्चाराव्यात

गेल्या काही वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या वर्धापनदिनांना आणि बागायतदारांच्या मेळाव्यांना मी सूत्रसंचालन करतो. तिथं पडदा नसतो आणि प्रोजेक्टरही नसतो. पाहुण्यांचं काम लोकांपर्यंत पोचतं ते फक्त कानांनी. एकदा कागदावर १९८९ असं लिहिलेलं मी ‘एकोणीसशे एकोण...’ इथपर्यंत वाचलं आणि पुढं ‘ऐंशी’ म्हणून गेलो. पाहुण्यांची नोकरी दहा वर्षांनी वाढली. त्यांनी खुर्चीतूनच हळू आवाजात दुरुस्ती सांगितली, पण मागच्या रांगांपर्यंत ती गेलीच नाही. त्या दिवसापासून मी परिचयातला एकही आकडा अंकांत ठेवत नाही.

यात नुसती घाई किंवा सभाधीटपणाची कमी नव्हती, हे नंतर लक्षात आलं. मराठीत ८७ वाचताना डोळ्याला आठ आधी दिसतो, पण जिभेला सात आधी म्हणावा लागतो: सत्त्याऐंशी. डोळ्यानं एक घर पुढं जाऊन परत यायचं, आणि तेही माइकसमोर. ८९ तर त्याहून अवघड, कारण ‘एकोणनव्वद’मध्ये ना आठ ऐकू येतो ना नऊ. म्हणून ५९, ६९, ७९, ८९ या आकड्यांवर जीभ हमखास अडखळते, आणि ऐकणाऱ्याचाही एकोणसाठ–एकोणसत्तर असा घोटाळा होतो.

आता एक नमुना घेऊ. समजा, काजू बागायतदारांच्या मेळाव्याला एक निवृत्त शास्त्रज्ञ येणार आहेत आणि त्यांच्या माहितीपत्रकात असं लिहिलं आहे: ‘एम.एस्सी. (कृषी), पीएच.डी. (उद्यानविद्या). डॉ. बा.सा.को.कृ.वि., दापोली येथे १९८९–२०१९ सेवा. आयसीएआरच्या प्रकल्पात ७ वर्षे. ५९ शोधनिबंध. ३,२४,६०० काजू कलमांचे वाटप.’

पहिली पायरी: सालं. दोन सालं आणि मधली आडवी रेघ वाचली, की श्रोता मनात वजाबाकी करत बसतो आणि पुढचं वाक्य हुकतं. ती वजाबाकी आपणच करून द्यायची: ‘एकोणीसशे एकोणनव्वद साली ते दापोलीत रुजू झाले आणि पुढची तीस वर्षं तिथंच राहिले.’ साल अक्षरांत लिहा, ‘एकोणीसशे’नंतर किंचित थांबा आणि मग ‘एकोणनव्वद’ सावकाश म्हणा. ‘एक हजार नऊशे’ असं म्हणू नका, साल तसं कोणी बोलत नाही. २००० नंतर मात्र ‘दोन हजार अठरा’ हेच ठीक. मराठी वाक्यात मध्येच ‘नाइन्टीन एटीनाइन’ आणलं तर वडीलधाऱ्यांचा धागा तुटतो, म्हणून मी ते टाळतो.

शक्य असेल तिथं सालाला ओळखीची खूण जोडावी. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी’ म्हटलं की आजोबांच्या पिढीला आणखी काही सांगावं लागत नाही. तरुण श्रोते असतील आणि १९९८ सांगायचं असेल, तर ‘कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली त्या वर्षी’ म्हणता येतं. पण अख्ख्या परिचयात दोनपेक्षा जास्त सालं नकोत.

दुसरी पायरी: मोठे आकडे. इथं आपली भाषा फार मदतीला येते. ३,२४,६०० हा आकडा सुटा वाचला तर कोणाच्याच लक्षात राहत नाही, ‘जवळजवळ सव्वातीन लाख’ राहतो. पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द बाजारात रोज वापरात असतात, त्यामुळे त्यांचं माप कानाला लगेच कळतं. फक्त ‘जवळजवळ’ किंवा ‘सुमारे’ गाळू नका, नाहीतर पाहुण्यांच्या नावावर चुकीचा आकडा जाईल. ५९ शोधनिबंधांसाठी मी ‘साठच्या आसपास’ म्हणेन. इथं नेमकेपणापेक्षा एकोणसाठ–एकोणसत्तरचा गोंधळ टळणं मला जास्त मोलाचं वाटतं. पुरस्काराची रक्कम मात्र अशी अंदाजानं सांगू नये.

काही आकडे ही नावंच असतात. ‘वेंगुर्ला-४’ ही काजूची जात आहे, तिचा चार तसाच ‘वेंगुर्ला चार’ म्हणून वाचायचा. मधल्या रेघेला ‘वजा’ म्हणणारेही मी ऐकलेत, म्हणून कागदावर रेघ काढून टाका.

तिसरी पायरी: संक्षेप. आधी ठरवा की तो शब्दासारखा म्हणतात की अक्षरं सुटी. नाबार्ड, इस्रो, अपेडा हे शब्द झालेत. आयसीएआर, एमपीएससी यांची अक्षरं सुटी म्हणतात. खात्री नसेल तर पाहुण्यांनाच आदल्या दिवशी फोन करून विचारा. मग अर्थ आधी सांगा आणि संक्षेप नंतर, तोही पुन्हा येणार असेल तरच: ‘भारतीय कृषी संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएआर.’ आमच्या नमुन्यात तो पुन्हा येत नाही, म्हणून नुसतं पूर्ण नाव पुरेसं. ‘बा.सा.को.कृ.वि.’ तर मोठ्यानं वाचण्यासाठी लिहिलेलंच नसतं. तिथं एकदा ‘डॉक्टर बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ’ असं मानानं पूर्ण नाव घ्या, पुढं ‘विद्यापीठ’ म्हटलं तरी चालतं.

चौथी पायरी: पदव्या. सगळ्या पदव्या रांगेनं वाचणं म्हणजे मुळाक्षरं म्हणून दाखवणं. सर्वांत वरची पदवी आणि तिचा विषय एका वाक्यात सांगा: ‘उद्यानविद्या या विषयात त्यांनी पीएचडी केली.’ कंस आणि टिंबं डोळ्यांसाठी असतात, त्यांना वाक्याचं रूप द्या. नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं तर गावात लोकांना दवाखान्याचे डॉक्टर वाटतात, म्हणून विषय लगेच मागोमाग यायला हवा. डी.लिट. मानद असेल तर ‘मानद’ हा शब्द म्हणायलाच हवा.

आता सगळं मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एक श्वास मावेल असं लिहून काढायचं:

आजचे आपले पाहुणे उद्यानविद्येचे डॉक्टर आहेत.
एकोणीसशे / एकोणनव्वद साली ते दापोलीला
डॉक्टर बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात रुजू झाले
आणि पुढची तीस वर्षं तिथंच राहिले.
त्यातली सात वर्षं त्यांनी
भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रकल्पात काम केलं.
त्यांचे साठच्या आसपास शोधनिबंध आहेत.
आणि काजूची जवळजवळ सव्वातीन लाख कलमं
त्यांच्या हातून बागायतदारांकडं गेली.

कलमांची ओळ शेवटी ठेवण्याचं कारण म्हणजे समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी बागेत त्यातलं एखादं कलम आज झाड होऊन उभं असू शकतं.

शेवटची पायरी: कानाची परीक्षा. हा मजकूर कार्यक्रमाची काहीच माहिती नसलेल्या एखाद्याला फोनवर वाचून दाखवा आणि ऐकू आलेली सालं, आकडे आणि नावं त्याला कागदावर लिहायला सांगा. फोनवर ‘एम’ आणि ‘एन’, ‘बी’ आणि ‘डी’ एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात पत्र्याच्या मंडपात माइकवरही तसंच होतं. त्यानं एखादी गोष्ट चुकीची लिहिली तर जोरात वाचून उपयोग नाही, ती ओळच बदलायला हवी. माझी धाकटी बहीण मला हे करून देते. गेल्या खेपेला तिनं ‘तीस वर्षं’च्या जागी ‘बत्तीस वर्षं’ लिहिलं, कारण मी आधीच्या शब्दाला चिकटवून वाचलं होतं. मग ‘तीस’च्या आधी पेन्सिलीनं एक तिरकी रेघ मारली.