चढाई सुरू होण्याआधीच नियम सांगा

शालेय कबड्डीचं समालोचन करताना नियम चढाईपटू मध्यरेषा ओलांडण्याआधी सांगून टाका. चढाई फक्त 30 सेकंदांची, त्यात समजावत बसलात तर पालकांकडून पकड बघायची राहून जाते. बोनसचंच बघा. आधी मैदानातले बचावपटू मोजा, मग बोला: “समोर सहा जण आहेत, म्हणजे बोनस मिळू शकतो! एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला, दुसरा हवेत, तरच गुण. पायांकडे बघा!”

चढाई सुरू झाली की तुटक बोला: “डावा कोपरा... पाय टाकला... मागे वळला... परतला!” मग क्षणभर गप्प. पंचांचा हात वर जाईपर्यंत गुण जाहीर करू नका. बोनस बऱ्याचदा नुसता भास असतो.