मशीनमध्ये धुतलेल्या सुती साडीला खळ
खळीची साडी मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत घालून नाजूक सायकलवर धुवा. खळ मात्र बादलीतच करा. धुताना मशीनमध्ये घातली, तर पुढच्या खळबळण्यात ती वाहून जाते. 2 मोठे चमचे आरारूट आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गाळून घ्याच, कारण राहिलेली गुठळी गडद साडीवर पांढरा चट्टा होऊन उमटते. हे 3 लिटर पाण्यात मिसळून ओली साडी बुडवा, हाताने हलकी पिळा. पुन्हा स्पिन नको. काठ ओढून सरळ करत सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. महिनोन्‌महिने नेसणार नसाल, तर खळ न करताच ठेवा. खळीला कसर लागते.