दादाच्या शनिवारच्या अपॉइंटमेंटची तयारी: एलपी(ए) आणि नवीन इंजेक्शनं

दादा, शनिवारी मी वाशीहून ट्रान्स हार्बरने अकराच्या आत ठाण्याला पोचते, तोवर तू आणि वहिनीने फाइल लावून ठेवा. सगळ्यात वर एलपी(ए)चा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या त्या कणाचा, रिपोर्ट ठेव आणि आकड्यापुढचं युनिट पेनने गोल कर. बारीक अक्षरात असतं, मीही आधी सोडलंच होतं. तुझं ७८ आहे आणि पुढे mg/dL लिहिलंय, त्या युनिटमध्ये ५० च्या वर गेलं की जास्त धरतात. तेच ७८ जर nmol/L मध्ये असते तर जास्त धरलं नसतं, कारण तिथे रेषा १२५ ची आहे. एकाचं दुसऱ्यात गणित करू नकोस, प्रत्येकाच्या कणाचा आकार वेगळा असतो त्यामुळे ते नीट जुळत नाही.

त्याखाली दोन वर्षांपूर्वीच्या अटॅकचं डिस्चार्ज कार्ड लाव. पेलाकार्सेन या नवीन इंजेक्शनच्या मोठ्या ट्रायलमध्ये, होरायझनमध्ये, एलपी(ए) ७० mg/dL किंवा जास्त आणि आधी अटॅक, स्ट्रोक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असलेले आठ हजारांवर पेशंट घेतले. तू त्यात बसला असतास, पण भरती केव्हाच संपली, म्हणून डॉक्टरांकडे त्याचा हट्ट धरू नकोस.

इंजेक्शनचं विचारायचं ते असं. ही औषधं लिव्हरला एलपी(ए)चं प्रथिन बनवायचा निरोपच पोचू देत नाहीत. पेलाकार्सेनने आकडा साधारण ८० टक्के उतरतो, ते महिन्यातून एकदा घ्यायचं. ओल्पासिरान बारा आठवड्यांनी, त्याने ९५ टक्क्यांच्या वर उतरला. लेपोडिसिरानच्या ४०० मिलीग्रॅमच्या डोसनेही जवळपास ९४ टक्के, तेही कित्येक महिने टिकलं. वाचून मला खूप आशा वाटली, पण दादा, हे सगळं रक्तातल्या आकड्याचं आहे, अटॅक कमी झाले हे अजून सिद्ध व्हायचंय, आणि मोठ्या ट्रायल त्यासाठीच आहेत, नेहमीची औषधं सगळ्यांना चालू ठेवून निम्म्यांना खरं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं पाणी. नायसिन या व्हिटॅमिननेही एलपी(ए) थोडा उतरायचा, तरी मोठ्या ट्रायलमध्ये स्टॅटिनवर असलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही, उलट त्रास वाढले. म्हणून कोणी बाहेरून नायसिन सुचवलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

वहिनी, त्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत टाका, नाव सांगताना आपण चुकतो. स्टॅटिनने एलपी(ए) उतरत नाही, म्हणून दादा ती बंद करायची म्हणतोय, तसं अजिबात नको. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली ठेवणं हेच आज हातात आहे आणि त्याचा फायदा सिद्ध झालाय. मागच्या तीन एलडीएलचे आकडे तारखेसकट एका कागदावर लिहा आणि अजून खाली आणता येईल का हे पहिलं विचारा.

हे आनुवंशिक आहे म्हणून मी माझीही टेस्ट केली, रिपोर्ट सोबत आणते. चिनूची कधी करायची तेही शनिवारीच विचारू.