सापडलेल्या पिसावरून पक्षी ओळखताय? आधी या चुका टाळा

पीस दिसलं की मोबाइल निघतो. वरून एक फोटो, खाली "कुठला पक्षी?" असा प्रश्न, आणि पाच मिनिटांत कुणीतरी "गरुड" म्हणून मोकळं होतं. पीस जरा मोठं आणि पट्टेदार असलं की गरुड, मऊ असलं की घुबड. मधल्या पायऱ्या कुणालाच नको असतात.

पक्ष्याचं नाव हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की हे पीस अंगावर कुठे होतं? उड्डाणपीस म्हणजे पंखाचं किंवा शेपटीचं लांब, ताठ पीस. त्याचा कणा मजबूत असतो आणि दोन्ही बाजूंची पाती घट्ट विणलेली असतात. देहपीस म्हणजे छाती, पाठ, पोट झाकणारं पीस. ते टोकाकडे विणलेलं, बुडाकडे कापसासारखं सुटं, आणि बहुतेक वेळा वाटीसारखं किंचित वाकलेलं असतं. लव म्हणजे नुसता झुपका. तिला कणा नसतोच, किंवा असला तरी तिच्या सगळ्यात लांब तंतूपेक्षा आखूड असतो. फोटोत कणा त्या तंतूपेक्षा लांब दिसत असेल तर पीस कितीही मऊ असो, त्याला लव म्हणायचं नाही.

चूक पहिली: मऊपणा आणि पट्टे बघून निकाल देणं

ही चूक इतक्या वेळा होते की एक नमुना उलगडूनच दाखवायला हवा. फोटोत नऊ सेंटिमीटरचं पीस आहे. वरच्या अर्ध्या भागात काळे-पांढरे आडवे पट्टे, खालच्या भागात राखाडी कापूस. एक जण म्हणतो शिकरा, दुसरा म्हणतो घुबड, तिसरा म्हणतो पिल्लाची लव. तिघांनीही पट्टे आणि कापूस पाहिला, पण पिसाची रचना कुणीच पाहिली नाही.

आता बुडापासून वाचू. सुरुवातीला साधारण एक सेंटिमीटर उघडा देठ. त्यावर चारेक सेंटिमीटर सुटे तंतू, मग विणलेलं पातं. कणा पिसाच्या टोकापर्यंत जातो, म्हणजे लव बाद. सगळ्यात रुंद जागी मोजलं तर कण्याच्या डावीकडे दीड आणि उजवीकडेही दीड सेंटिमीटर. कणा टोकाकडे दोऱ्याइतका बारीक होतो आणि पीस एका बाजूला वाकतं. असा कणा हवेचा दाब पेलू शकत नाही, म्हणजे उड्डाणपीसही बाद. हे देहपीस आहे.

एवढं ठरलं की लांबीचा अर्थच बदलतो. नऊ सेंटिमीटरचं उड्डाणपीस मैनेच्या मापाच्या पक्ष्याचं असू शकतं. नऊ सेंटिमीटरचं देहपीस मात्र निदान कोंबडीएवढ्या पक्ष्याचं. शिकरा त्या मानाने लहान, तो इथेच गळतो. पिसाचा प्रकार न ठरवता लांबीवरून पक्ष्याचा आकार काढणारे लोक नेमके इथे फसतात.

पुढची खूण पिसाच्या खालच्या बाजूला असते, म्हणून दुसरा फोटो लागतोच. देठ संपून पातं सुरू होतं त्या जागी आतल्या अंगाला काही पक्ष्यांत एक धाकटं पीस फुटलेलं असतं. त्याला जोडपीस म्हणू. या नमुन्यात ते चांगलं चार सेंटिमीटर लांब आहे, त्याला स्वतःचा बारीक कणा आहे आणि ते पूर्ण मऊ आहे. कबुतरांच्या देहपिसांना जोडपीस जवळजवळ नसतंच. घुबडांत ते फार लहान असतं. कोंबडी, तितर, मोर यांच्या गटात मात्र ते असं ठसठशीत दिसतं. शिकारी पक्ष्यांतही जोडपीस असतं, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर सगळे शिकारी पक्षी बाद होत नाहीत. पण नऊ सेंटिमीटरचं देहपीस ज्याच्या अंगावर असेल असा शिकारी पक्षी बराच मोठा असणार, आणि तसल्या मोठ्या पक्ष्यांच्या अंगावर असे एकसारखे, रेघ मारल्यासारखे काळे-पांढरे पट्टे नसतात. पाळीव कोंबड्यांच्या काही जातींत, उदाहरणार्थ पट्टेदार प्लायमाउथ रॉकमध्ये, नेमके तसेच असतात. उत्तर: कोंबडीचा गट, बहुतेक पाळीव. शिकऱ्याची स्वप्नं पाहणाऱ्यांना हे आवडत नाही, पण पट्टेदार "शिकारी" पिसांत कोंबडीची पिसं पुष्कळदा निघतात.

माझी सवय अशी: फोटो मोठा करून पहिल्यांदा फक्त बुडाकडचा एक तृतीयांश भाग बघायचा, बाकीचा बोटाने झाकायचा. रंग डोळ्यांसमोर असेपर्यंत मन रंगाचंच ऐकतं.

चूक दुसरी: पाती असमान दिसली की "पंखाचं पीस" म्हणून टाकणं

असमान पाती ही उड्डाणपिसाची खूण आहे, पण ती अर्धवट माहीत असणं जास्त घातक. पंखाच्या टोकाकडच्या पिसांत हवा कापणारी बाजू खूप अरुंद असते. सगळ्यात बाहेरच्या पिसात रुंद बाजू अरुंद बाजूच्या चौपट किंवा त्याहूनही मोठी असू शकते. अंगाकडे सरकत जावं तसा हा फरक कमी होतो. कोपराकडच्या पिसांची दोन्ही पाती एकमेकांच्या बरीच जवळ येतात, टोक गोलसर होतं आणि पीस जास्त वाकतं. शेपटीत मधली जोडी जवळजवळ सारख्या पात्यांची आणि सरळ असते, कडेची पिसं पुन्हा असमान. म्हणजे दोन्ही पाती सारखी असूनही पीस शेपटीचं उड्डाणपीस असू शकतं. त्या वेळी ताठ कणा आणि बुडाला अगदी थोडा कापूस, या दोन खुणांवरून निर्णय करायचा.

याच्या उलटही होतं. पंखाच्या मुळावर उड्डाणपिसांची देठं झाकणारी पिसं असतात, आणि पंखाच्या "अंगठ्यावर" तीन-चार छोटी ताठ पिसं असतात. दोन्ही ठिकाणची पिसं असमान पात्यांची असू शकतात. सहा सेंटिमीटरचं असमान पीस पाहून चिमणी म्हणणारे इथे आपटतात, कारण कबुताराच्या अंगठ्याचं पीसही साधारण तेवढंच भरतं. अशा वेळी लांबीबरोबर रुंदी आणि देठाची जाडी बघा. चिमणीच्या पंखाचं पीस जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, देठ सुईसारखा. कबुताराच्या अंगठ्याचं पीस लांबीच्या मानाने जाड देठाचं, आखूड आणि ठेंगणं दिसतं.

फोटोचा कोनही पाती फसवी करतो. पीस कण्याभोवती जरा कलंडलेलं असेल तर सारखी पाती असमान दिसतात. पीस सपाट जागी ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, शेजारी मोजपट्टी ठेवा. बोटांत धरून आकाशासमोर काढलेला फोटो मी सरळ बाजूला ठेवतो. आणि पातं फाटलेलं असेल तर त्याच्या अर्ध्या रुंदीवर काहीही ठरवू नका. सुटलेले तंतू बुडाकडून टोकाकडे हलकेच विंचरले की बारीक आकड्या पुन्हा अडकतात आणि पातं जुळतं.

वरची बाजू कुठली हेही आधी ठरवायला हवं. कण्याला खालच्या बाजूला खोबण असते, वरची बाजू गुळगुळीत असते. पिसाची वरची बाजू आपल्याकडे आणि टोक वर असताना अरुंद पातं डावीकडे आलं तर पीस उजव्या पंखाचं, उजवीकडे आलं तर डाव्या. खालच्या बाजूचा फोटो असेल तर हे बरोबर उलटं. गट सांगायला याची गरज नाही, पण दोन पिसं एकाच पक्ष्याची आहेत का हे बघताना उपयोगी पडतं.

बाकीच्या, थोडक्यात

प्रकाश मागून आला की निळा रंग मरतो. पक्ष्यांच्या पिसांत निळा रंगद्रव्याचा नसून पिसाच्या रचनेचा असतो, म्हणून उजेडासमोर धरलेलं निळं पीस मातकट दिसतं. हिरव्या पोपटाचंही थोडंफार तसंच. उजेड समोरून किंवा बाजूने घ्या, फ्लॅश नको.

ओलं पीस वाळू द्या. ओल्या पिसाचा कापूस चिकटतो आणि देहपीस उड्डाणपिसासारखं टोकदार दिसतं.

"कडेला फणी नाही, म्हणजे घुबड नाही" हा तर्क चुकीचा आहे. घुबडाची ती प्रसिद्ध दातेरी कड पंखाच्या अगदी बाहेरच्या पिसावर असते, आतल्या पिसांवर शोधून सापडणार नाही. त्याऐवजी वरच्या पृष्ठभागावरची मखमल बघा, ती बाजूने येणाऱ्या उजेडात धूसर झाकेसारखी दिसते. सगळ्याच घुबडांत फणी ठळक नसते, हेही लक्षात असू द्या.

शेपटीच्या पिसाचा कणा फारच राठ आणि टोक झिजून अणकुचीदार झालेलं असेल तर सुतार पक्ष्याचा विचार करा, कारण तो शेपटी खोडाला टेकून बसतो. उड्डाणपिसाच्या खालच्या बाजूला कण्यालगत चकचकीत पट्टा असेल तर बदकांचा गट पहिल्यांदा आठवा.

पीस शक्यतो जागच्या जागी फोटो काढून तिथेच सोडा. कित्येक देशांत रानपक्ष्यांची पिसं जवळ बाळगायलाही बंदी आहे.

आणि नुसती लव सापडली तर

तर फोटोवरून गट सांगू नका. पांढरा झुपका पाहून "हंस" म्हणणारे लोक अफाट आत्मविश्वासाचे असतात. लवेतला फरक तिच्या तंतूंना फुटणाऱ्या बारीक उपतंतूंवरच्या सूक्ष्म गाठींत असतो. बदकांमध्ये त्या त्रिकोणी असतात आणि उपतंतूच्या टोकाकडे येतात, पण त्या बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. 1960 मध्ये बोस्टनला विमान कोसळलं तेव्हा इंजिनांत सापडलेल्या पिसांच्या अवशेषांवरून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या पीसतज्ज्ञ रॉक्सी लेबोर्न यांनी स्टार्लिंग, म्हणजे मैनेच्या कुळातले पक्षी, ओळखले. विमानाला धडकलेला पक्षी पिसांच्या तुकड्यांवरून ओळखण्याचं काम तिथून पुढे वाढलं. त्यांच्या हाताशी सूक्ष्मदर्शक आणि संग्रहालयातली पिसं होती, मोबाइलचा झूम नव्हे. फोटोखाली "लव, गट अनिश्चित" एवढंच लिहा आणि आसपास एखादं देहपीस पडलंय का ते बघा. पक्षी मारला गेला असेल तर ते बहुधा जवळच मिळतं.