धुक्यातला बगळा आणि भरकटणारा ऑटोफोकस : या चुका टाळा

थंडीतल्या सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर धुकं साचलेलं असतं आणि त्यातून पांढरा बगळा उडत येतो. बटण अर्धं दाबलं की लेन्स पुढे-मागे फिरत राहते. ती थांबेपर्यंत बगळा निघून गेलेला असतो. दोष बहुधा लेन्सचा नसतो. ऑटोफोकसला अंधार-उजेडाची कड लागते. पांढऱ्या धुक्यापुढच्या पांढऱ्या पंखात ती सापडत नाही, म्हणून लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत सुटते.

पहिली चूक म्हणजे फोकस आधी कुठे होता हे न बघताच पक्ष्यावर कॅमेरा रोखणं. काठावरच्या मित्राचा फोटो काढल्यावर लेन्स तीन-चार मीटरवरच राहिलेली असते. मग ६० मीटरवरचा बगळा इतका विरघळलेला दिसतो की उरलीसुरली कडही पुसली जाते. म्हणून पक्षी येण्याआधीच साधारण तेवढ्याच अंतरावर दिसणाऱ्या, तलावातल्या संध्यामठाच्या दगडी खांबावर फोकस करून ठेवा. खांबच का? बहुतेक मिररलेस कॅमेरे आडवे धरले की उभ्या कडा चटकन पकडतात, लाटांच्या आडव्या रेषांवर मात्र अडखळतात. खांब नसेल तर कॅमेरा थोडा तिरका करून बघा. लेन्सवर अंतराची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते FULL वरून 3m-∞ वर न्या, म्हणजे जवळची निरर्थक फेरी वाचते.

दुसरी चूक मोड आणि बिंदूंची. AF-S किंवा One Shot मध्ये फोकस एकदा बसला की तिथेच राहतो, बगळा पुढे जातो. उडत्या पक्ष्याला AF-C किंवा Servo च हवा. पूर्ण फ्रेमचे बिंदू चालू ठेवले तर मागचं गवत बाजी मारतं, कारण कड तिथे ठळक असते. एकच बिंदू ठेवला तर तो पक्ष्यावरून सारखा घसरतो. मधला छोटा झोन घ्या आणि पंखावर नाही, तर डोकं-मान यांवर धरा. लहान बगळ्याची काळी चोच हीच धुक्यातली सगळ्यात भरवशाची कड असते.

शोध सुरू झाल्यावर बटण दाबूनच ठेवणं ही तिसरी चूक. सोडा, खांबावर परत या, मग दाबा. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत Lens drive when AF impossible मध्ये शोध थांबवण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर लेन्स फार लांब भटकली असेल तर मात्र रिंग हातानं फिरवून जवळपास आणावी लागते.

फोटो मोठा करून बघा. मागचं गवत धारदार असेल तर झोन चुकला. सगळंच मऊ असेल तर बहुधा शोध फसला. पंख एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर शटरचा वेग कमी पडला, १/१६०० सेकंद ठेवा.

धुकं फारच दाट असेल तर ऑटोफोकस बंद करून फोकस खांबाच्या अंतरावरच ठेवा. फुल फ्रेमवर ४०० मिमी, f/8 आणि ६० मीटर अंतर असताना पुढे-मागे मिळून साधारण १० मीटरचा पट्टा स्वीकारार्ह धारदार येतो. बगळा त्या पट्ट्यात शिरला की बर्स्ट सोडा.