या चुका टाळा : सर्व्हायवल कर्व्ह हाताने काढताना मध्यक १०, १६ की २३?

सेन्सॉर्ड आकडेवारीचा एकच संच वर्गात सोडवायला दिला की मध्यकाची तीन-चार वेगवेगळी उत्तरे हमखास येतात. यातली चुकीची उत्तरे कशीही आलेली नसतात. प्रत्येकामागे एक ठरलेली चूक असते आणि उत्तर पाहूनच ती ओळखता येते. त्यासाठी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ल्युकेमियाच्या चाचणीची आकडेवारी घेऊ. तीव्र ल्युकेमियाचे जे रुग्ण रेमिशनमध्ये, म्हणजे आजार दबलेल्या अवस्थेत, आले होते, त्यांच्या २१ जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला ६-एमपी हे औषध दिले, दुसऱ्याला प्लासिबो. आजार किती आठवड्यांनी उलटला, ते मोजले. म्हणजे इथले ‘सर्व्हायवल’ हे जगण्याचे नाही, रेमिशन टिकण्याचे आहे. औषध घेतलेल्या २१ जणांचे आठवडे असे :

६, ६, ६, ६+, ७, ९+, १०, १०+, ११+, १३, १६, १७+, १९+, २०+, २२, २३, २५+, ३२+, ३२+, ३४+, ३५+

अधिक चिन्ह म्हणजे सेन्सॉर्ड नोंद. त्या आठवड्यापर्यंत रुग्ण रेमिशनमध्ये होता एवढे नक्की, पुढचे माहीत नाही. अशा नोंदी १२ आहेत आणि आजार उलटल्याच्या ९.

उत्तर १० आले असेल तर अधिक चिन्हाच्या नोंदी सरळ खोडल्या आहेत. उरलेल्या नऊ आकड्यांमधला पाचवा १० आहे. ‘या रुग्णांचे पुढे काय झाले ते माहीतच नाही, मग घ्यायचे कशाला?’ हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. पण खोडलेल्यांत ३५ आठवडे टिकलेला रुग्णही गेला. ज्यांना औषधाचा सर्वांत जास्त काळ फायदा झाला, तेच वगळले जातात आणि औषध आहे त्यापेक्षा कमकुवत दिसते.

उत्तर १६ आले असेल तर चिन्हे दुर्लक्षून २१ आकड्यांतला अकरावा उचलला आहे. इथे ९+ हा ‘नवव्या आठवड्यात आजार उलटला’ असा वाचला गेला. प्रत्यक्षात तो ‘नऊपेक्षा जास्त, किती ते ठाऊक नाही’ असा आहे.

‘मध्यक मिळतच नाही’ असे उत्तर असेल तर छेदात शेवटपर्यंत २१ ठेवले आहेत. नऊ जणांचा आजार उलटला, म्हणून १२/२१ = ०.५७१, आणि वक्र ०.५ पर्यंत उतरतच नाही. यात नवव्या आठवड्यानंतर नजरेआड झालेला रुग्ण तेविसाव्या आठवड्यातही रेमिशनमध्ये होता असे धरले जाते, आणि त्याला आधार काहीच नाही.

कॅप्लन-मायर पद्धतीत सेन्सॉर्ड रुग्ण जितका काळ दिसला तितका काळच छेदात राहतो. घटना घडली त्या प्रत्येक आठवड्याला ‘या क्षणी जोखमीत, म्हणजे अजून नजरेखाली आणि रेमिशनमध्ये, किती जण?’ असे विचारायचे, त्यातल्या टिकलेल्यांचे प्रमाण काढायचे आणि आधीच्या S ला, म्हणजे तोवर रेमिशन टिकण्याच्या शक्यतेला, त्याने गुणायचे.

| आठवडा | जोखमीत | आजार उलटला | टिकलेल्यांचे प्रमाण | S |
|---|---|---|---|---|
| ६ | २१ | ३ | १८/२१ | ०.८५७ |
| ७ | १७ | १ | १६/१७ | ०.८०७ |
| १० | १५ | १ | १४/१५ | ०.७५३ |
| १३ | १२ | १ | ११/१२ | ०.६९० |
| १६ | ११ | १ | १०/११ | ०.६२७ |
| २२ | ७ | १ | ६/७ | ०.५३८ |
| २३ | ६ | १ | ५/६ | ०.४४८ |

चुका बहुतेक दुसऱ्या स्तंभात होतात. आधीच्या ओळीतून वजा करत गेले की मधली एखादी सेन्सॉर्ड नोंद निसटते आणि मग खालच्या सगळ्या ओळी बिघडतात. म्हणून तो स्तंभ दुसऱ्या वाटेनेही पडताळावा : क्रमाने लावलेल्या यादीत त्या आठवड्याइतके किंवा त्याहून मोठे आकडे किती, ते थेट मोजायचे. तेराव्या आठवड्यासाठी १३ पासून ३५+ पर्यंत बारा आकडे आहेत, म्हणजे जोखमीत १२ बरोबर. सेन्सॉर्ड नोंदींसाठी वेगळी ओळ करायची नाही. तिथे S बदलत नाही, फक्त पुढचा छेद कमी होतो.

सहाव्या आठवड्यात मात्र जरा थांबावे लागते. तिघांचा आजार त्याच आठवड्यात उलटला आणि एक जण त्याच आठवड्यात सेन्सॉर झाला. अशा वेळी घटना आधी आणि सेन्सॉर नंतर, असा संकेत आहे. त्यामुळे ६+ चा रुग्ण सहाव्या आठवड्याच्या छेदात असतो. त्याला आधीच काढले तर १७/२० = ०.८५ येते. दहाव्या आठवड्यातही १०+ मुळे हाच प्रश्न पडतो. या आकडेवारीत दोन्ही ठिकाणी चुकूनही मध्यक बदलत नाही, म्हणून ही चूक लपून राहते. रुग्ण थोडे आणि बरोबरीच्या नोंदी जास्त असतील तर ती लपत नाही. मधल्या पायऱ्यांवर दोन दशांशांवर तोडतोड करू नका. अपूर्णांक तसेच गुणत जा आणि शेवटी एकदाच पूर्णांकन करा.

आता मध्यक. S पहिल्यांदा ०.५ किंवा त्याखाली जिथे येते तो आठवडा घ्यायचा. बाविसाव्या आठवड्याला ०.५३८, तेविसाव्याला ०.४४८, म्हणून मध्यक २३ आठवडे. कोणी २२.४ लिहिले असेल तर त्याने दोन बिंदू तिरक्या रेषेने जोडून ०.५ ची आडवी रेघ कुठे छेदते ते पाहिले. या पद्धतीतला वक्र पायऱ्यांचा असतो : दोन घटनांच्या मध्ये सपाट, घटनेच्या क्षणी सरळ खाली. आलेख पायऱ्यांचाच काढला तर ०.५ ची रेघ तेविसाव्या आठवड्याच्या उभ्या कड्यालाच लागते आणि २२.४ वाचायला जागाच उरत नाही.

तेविसाव्या आठवड्यानंतर वक्र ०.४४८ वर सपाट राहतो आणि ३५ वर संपतो, कारण शेवटच्या पाचही नोंदी सेन्सॉर्ड आहेत. ही सपाट शेपटी पाहून ‘४५ टक्के रुग्ण कायमचे बरे झाले’ असे लिहिलेले प्रबंधांत आढळते. तसा अर्थ निघत नाही. तिथे फक्त पाच जण उरले होते, आणि ३५ आठवड्यांपुढे वक्र काहीच सांगत नाही. आणखी एक मर्यादा हिशेबात कधीच दिसत नाही : सेन्सॉर होण्याचा आजाराशी संबंध नसावा लागतो. अभ्यास संपला म्हणून सेन्सॉर झाले तर चालते. पण प्रकृती ढासळली म्हणून रुग्ण यायचे थांबले असतील, तर बेरीज-गुणाकार अचूक असूनही वक्र खऱ्यापेक्षा वर राहतो.

मध्यक एकटा लिहू नये, त्याच्या मर्यादाही द्याव्यात. ग्रीनवुडच्या सूत्राने तेविसाव्या आठवड्याला S ची प्रमाण त्रुटी साधारण ०.१३५ येते. प्रत्येक आठवड्याच्या S ला ९५ टक्क्यांची पट्टी लावली की तिची खालची कड पहिल्यांदा ०.५ च्या खाली जिथे जाते, ती मध्यकाची खालची मर्यादा. साध्या पट्टीने ती १३ येते, लॉग रूपातल्या पट्टीने १६. म्हणून कोणती पट्टी वापरली ते लिहायचे. वरची कड ०.५ पर्यंत उतरतच नाही. तेव्हा वरच्या मर्यादेच्या जागी ‘मिळत नाही’ असेच लिहायचे, ३५ नव्हे.

हात बसवायला प्लासिबोचा गट उत्तम आहे :

१, १, २, २, ३, ४, ४, ५, ५, ८, ८, ८, ८, ११, ११, १२, १२, १५, १७, २२, २३

यात एकही सेन्सॉर्ड नोंद नाही. त्यामुळे गुणाकार करत जे S येईल ते प्रत्येक ओळीत ‘उरलेले भागिले २१’ इतकेच यायला हवे. आठव्या आठवड्याला S १२/२१ वरून ८/२१ वर उतरते, म्हणून मध्यक ८, आणि तेविसाव्या आठवड्याला वक्र शून्यावर टेकतो. या गटात तुमचा तक्ता साध्या भागाकाराशी जुळला नाही, तर जी ओळ पहिल्यांदा जुळत नाही, चूक त्याच ओळीच्या छेदात किंवा तिच्या लगेच वरच्या ओळीत शोधा.